जाहिरातीचा खुलासा पहिल्या लिंकच्या आधी द्या

समजा, तुम्ही मिक्सरचं परीक्षण लिहिलंय आणि त्यात अ‍ॅफिलिएट लिंक आहे. कमिशनचा उल्लेख बहुतेक जण लेखाच्या तळाशी करतात, पण वाचक तिथे पोचण्याआधीच लिंकवर क्लिक करून गेलेला असतो. म्हणून शीर्षकाखालीच साध्या मराठीत लिहा: ‘या लेखातल्या लिंकवरून खरेदी केलीत, तर मला कमिशन मिळतं. तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत.’ दुसरं वाक्य खरं असेल तरच ठेवा.

मिक्सर कंपनीने फुकट पाठवला असेल, तर तेही सांगा. भारतात जानेवारी 2023 मध्ये आलेल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार पैसेच नव्हे, फुकट वस्तूही जाहीर करावी लागते. लेखासाठीच पैसे घेतले असतील, तर वर ठळक ‘प्रायोजित’ लिहा. ‘सहकार्याने’ म्हटलं की वाचकाला काहीच कळत नाही.

गूगललाही ही लिंक पैशांची आहे हे कळायला हवं:

```html
<a href="लिंक" rel="sponsored">किंमत पाहा</a>
```

प्रायोजक ‘sponsored’ काढायला सांगत असेल, तर त्याला तुमच्या वाचकांपेक्षा सर्चमधला क्रमांक हवा आहे. असं काम मी तरी घेत नाही. अ‍ॅडसेन्ससारख्या आपोआप येणाऱ्या जाहिरातींना वेगळा खुलासा लागत नाही, मात्र त्या मजकुरापासून सुट्या दिसायला हव्यात.