पूर, आग, वीज : कोठ्यातली जनावरं वाचवायची तर आधी दाव्याची गाठ बदला

पुरात किंवा आगीत कोठ्यातली जनावरं अनेकदा बांधलेली असल्यामुळेच मरतात. गाय, बैल, म्हैस पोहू शकतात, पण दोन हात दाव्यावर पोहणं होत नाही. म्हणून तयारीला सुरुवात खुंट्यापासून करा.

नेहमीची पक्की गाठ दोन कारणांनी दगा देते. सुताचा किंवा अंबाडीचा दोर भिजला की फुगतो आणि घाबरलेलं जनावर मागं ओढत असेल तर गाठ नखानंही सुटत नाही. नायलॉनचा दोर आगीत वितळून चिकटतो. साखळी तर कापताही येत नाही. त्याऐवजी सुटी गाठ मारा.

१. दावं खुंट्याभोवती एकदा फिरवून मोकळं टोक आपल्याकडं घ्या.
२. त्या टोकाकडच्या भागाचा एक फेर करून तो जनावराकडं जाणाऱ्या दोरावर ठेवा.
३. आता टोक न ओवता, दोर दुमडून त्याची घडी त्या दोराच्या मागून आणा, फेरातून बाहेर काढा आणि आवळा.
४. टोक वीतभर लोंबतं ठेवा. ते ओढलं की गाठ एका झटक्यात सुटली पाहिजे.

दुसऱ्याला जनावर मागं ओढायला सांगून, अंधारात, एका हातानं ही गाठ सोडून पाहा. अडकली तर घडीऐवजी टोकच ओवलं गेलंय असं समजा. काही जनावरं टोक चघळून स्वतःच सुटतात. अशांचं टोक तोंड पोहोचणार नाही असं ठेवा. दाराबाहेर खांद्याच्या उंचीवर एक धारदार विळाही टांगा. कोठ्याच्या आत ठेवलेला विळा धुरात सापडत नाही.

पुराचं उदाहरण घेऊ. मौदा तालुक्यात कन्हानकाठी एक घर आहे, तिथं दोन बैल, एक दुभती म्हैस, तिचं वगारू आणि चार शेळ्या आहेत, आणि न्यायला माणसं दोनच. इथं नुसतं आभाळ पाहून चालत नाही. तोतलाडोह आणि नवेगाव खैरी धरणांचे दरवाजे उघडले की गावात थेंब नसतानाही पेंच नदी फुगते आणि ते पाणी कन्हानला येतं. दुसरं म्हणजे गावाबाहेरचा नाला. नदीला फुगवटा आला की नाल्याचं पाणी मागं तुंबतं आणि गावात पाणी शिरण्याआधीच रपटा बुडतो. उंच जागेची वाट या रपट्यावरून असेल तर ती वाट धरूच नका, नाला न ओलांडता पोहोचता येईल असं गायरान किंवा टेकाड उन्हाळ्यातच ठरवा. दुसरी वाट नसेल तर पाणी सोडल्याची दवंडी ऐकताच निघा, रपट्यावर पाणी यायची वाट पाहू नका.

वगारू आणि शेळ्या बंडीत घाला, बैल बंडीला जुंपा. म्हैस वगाराच्या मागं आपोआप येते, म्हणून तिला बंडीच्या मागंच ठेवा. एक माणूस बंडीवर, दुसरा म्हशीजवळ. सोबत दोन दिवसांचं कोरडं कुटार आणि पाणी प्यायला घमेलं घ्या. पुराचं पाणी पाजू नका.

निघायला उशीर झाला आणि पाणी गुडघ्याला लागलं तर सगळी दावी सोडा, बैलांचा कासरा काढून घ्या (तो फांदीत अडकतो), फाटक सताड उघडा आणि तुम्ही उंचावर जा.

आगीत याच्या नेमकं उलटं करायचं. घाबरलेलं जनावर ओळखीच्या जागेकडं, म्हणजे जळत्या कोठ्याकडंच परत पळतं. म्हणून सुटलेलं प्रत्येक जनावर लांब नेऊन कुंपणात कोंडा आणि कोठ्याचं दार लावा. दाराजवळचं जनावर आधी सोडा, नाहीतर ते वाट अडवतं. अडलेल्याच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाका. आपल्याकडं आग लागते ती बहुधा डासांसाठी गोवऱ्यांची धुरी रात्रभर ठेवल्यानं किंवा उघड्या वायरच्या ठिणगीनं, आणि पसरते ती कोठ्याला टेकलेल्या पऱ्हाटीनं. धुरी घमेल्यात, माणूस जागा असेपर्यंतच ठेवा, आणि कुटाराचा ढीग व पऱ्हाटी निदान पन्नास फूट दूर रचा. वाचलेलं जनावर खोकत असेल, नाकातून फेस येत असेल तर अंगावर भाजल्याची खूण नसली तरी १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करून डॉक्टर बोलवा. धुराचा त्रास काही तासांनीही उफाळतो.

विजेचा नियम थोडक्यात : गडगडाट सुरू झाला की एकट्या झाडाखाली किंवा काटेरी तारेच्या कुंपणाला जनावर बांधू नका. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत बरंच अंतर असल्यानं तो प्रवाह थेट छातीतून जातो. त्यामुळं माणूस वाचतो तिथं बैल मरू शकतो. ढग येताच जनावरं घरी आणा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं 'दामिनी' अॅप आसपासच्या विजांचा इशारा देतं.

जनावर दगावलंच तर पुरण्याची घाई करू नका. भरपाईसाठी आधी तलाठ्याचा पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचं शवविच्छेदन होऊ द्या. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो काढा आणि तोच नंबर पंचनाम्यात लिहिला गेलाय की नाही, हे सही करण्याआधी वाचून घ्या.