सहलीच्या रीलखालचा मजकूर: प्रसिद्धीपूर्वीची तयारी

मजकूर लिहायला बसताना प्रस्थानाच्या तारखेबरोबर आणखी एक तारीख समोर हवी: हॉटेलने राखून ठेवलेल्या खोल्या भुर्दंडाविना परत करण्याची शेवटची तारीख. समजा, ६ रात्री ७ दिवसांची समूह सहल २० डिसेंबर २०२६ रोजी निघणार आहे आणि हॉटेलची अट ३० दिवस आधीची आहे; म्हणजे २० नोव्हेंबरनंतर रिकाम्या राहिलेल्या खोल्यांचे पैसे आयोजकाच्या माथी पडतात. आगाऊ रक्कम जमा होणे, नावे तपासणे आणि खोल्यांच्या जोड्या लावणे यांसाठी आठवडाभर राखला, तर नोंदणीची मुदत १२ नोव्हेंबर ठरते. विमानाच्या सामूहिक तिकिटांसाठी नावे त्याहून आधी द्यायची असल्यास मुदतही तितकी अलीकडे आणावी.

ही मुदत वर्ष आणि वेळेसह लिहावी. रील प्रसिद्धीनंतर कित्येक आठवडे नव्या लोकांपुढे येत राहते, त्यामुळे ‘फक्त पाच दिवस उरले’ हे वाक्य दुसऱ्याच दिवशी खोटे ठरते. इन्स्टाग्रामवर खालचा मजकूर नंतर दुरुस्त करता येतो, प्रसिद्ध झालेली चित्रफीत मात्र बदलता येत नाही. म्हणून तारीख चित्रफितीवर न टाकता मजकुरात ठेवावी, आणि तीही पहिल्याच ओळीत, कारण उरलेला मजकूर उघडल्याशिवाय दिसत नाही. ‘६ रात्री ७ दिवस, प्रस्थान २० डिसेंबर २०२६, नोंदणी १२ नोव्हेंबर २०२६ सायंकाळी ६ पर्यंत’ एवढी ओळ पुरते.

त्यानंतर चित्रफीत थांबवत थांबवत पाहावी आणि प्रत्येक दृश्य कार्यक्रमपत्रिकेत आहे का, हे जुळवावे. मागच्या हंगामातले बर्फाचे किंवा फुलांचे दृश्य सुंदर असते खरे, पण या तारखांना ते दिसणार नसेल तर सहलीत तक्रार तिथूनच सुरू होते. सात दिवसांपैकी पहिला आणि शेवटचा प्रवासात जात असेल, तर फिरण्याचे दिवस पाच, असे स्पष्ट म्हणावे; तसेच कोणते स्थळ आत जाऊन पाहायचे आणि कोणते केवळ बाहेरून, हेही सांगावे. सगळी स्थळे नोंदवण्याचा मोह टाळून तीन-चार ठळक स्थळे घेतलेली बरी.

समाविष्ट बाबींत ‘सर्व जेवणे’ हा शब्दप्रयोग सर्वाधिक गोंधळ घालतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी पोहोचणाऱ्या आणि सातव्या दिवशी नाश्त्यानंतर निघणाऱ्या सहलीत ६ नाश्ते आणि ६ रात्रीची जेवणे होतात; दुपारचे जेवण ज्याच्या त्याच्या खर्चाने असेल, तर ते तिथेच लिहावे. दर दोघांत एक खोली धरून असल्यास एकट्या प्रवाशाला जादा रक्कम पडेल, हेही त्याच परिच्छेदात यावे. प्रवेशशुल्क, विमा आणि घरापासून प्रस्थानस्थळापर्यंतचा प्रवास दरात आहे की नाही, हे एका वाक्यात उरकते.

शेवटी १२ नोव्हेंबरच्या सायंकाळसाठी एका सहकाऱ्याचे नाव ठरवून ठेवावे, ज्याने पहिली ओळ बदलून ‘नोंदणी बंद, प्रतीक्षायादी सुरू’ असे करायचे आहे.