प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून रुजू झालात? माणसं मागायच्या आधी या चुका टाळा

फंक्शनल, वीक मॅट्रिक्स, बॅलन्स्ड मॅट्रिक्स, स्ट्राँग मॅट्रिक्स, प्रोजेक्टाइज्ड हा कंपनीच्या रचनांचा पाच खणांचा तक्ता सर्टिफिकेशनच्या परीक्षेसाठी सगळेच पाठ करतात. डावीकडून उजवीकडे प्रोजेक्ट मॅनेजरचा अधिकार वाढत जातो, हेही सगळ्यांना येतं. पण आपली स्वतःची कंपनी त्यातल्या कुठल्या खणात बसते, असं विचारलं की बहुतेक जण व्हिजिटिंग कार्डाकडे बघून उत्तर देतात. कार्डावर 'प्रोजेक्ट मॅनेजर' असेल तर अधिकारही असणार, ही पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक.

अधिकार कुठे आहे ते सह्यांवरून कळतं. तुमच्या टीममधल्या माणसाची रजा कोण मंजूर करतो, त्याचं अप्रेझल कोण लिहितो, ओव्हरटाइमच्या आणि खरेदीच्या कागदावर शेवटची सही कोणाची, एवढं मी नव्या ठिकाणी पहिल्या आठवड्यातच विचारून घेतो. सगळ्या सह्या विभागप्रमुखाच्या असतील तर ती फंक्शनल किंवा वीक मॅट्रिक्स कंपनी आहे आणि तुम्ही प्रत्यक्षात समन्वयक आहात. अप्रेझलमध्ये तुमचं मत घेतात आणि प्रोजेक्टचं बजेट दोघांत विभागलेलं आहे, तर बॅलन्स्ड. बजेट तुमच्याकडे आणि तुमचा साहेबही प्रोजेक्ट विभागाचाच, तर स्ट्राँग. रजा, अप्रेझल, खरेदी सगळं तुमच्याच टेबलावर येत असेल तर प्रोजेक्टाइज्ड. हे विचारायला लाजू नका. एचआरवाले सांगतात, आणि नाही सांगितलं तर स्टोअरमधला जुना माणूस नक्की सांगतो.

दुसरी चूक मला फार छळते, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो. मॅट्रिक्समध्ये माणूस टक्केवारीत मागायचा आणि टक्केवारी मिळाली की माणूस मिळाला असं धरून चालायचं.

चाकणजवळच्या एका ऑटो कंपोनंट कारखान्यात पाहिलेलं सांगतो. प्लास्टिकच्या एका नव्या कव्हरचं डेव्हलपमेंट चालू होतं. मोल्डची पहिली ट्रायल, निघालेल्या पार्टचं सीएमएम या अचूक मापं घेणाऱ्या यंत्रावर मोजमाप, त्या रिपोर्टवरून टूलरूममध्ये मोल्डची दुरुस्ती, मग दुसरी ट्रायल आणि शेवटी ग्राहकाकडे पीपीएपी, म्हणजे पार्टच्या उत्पादनाला ग्राहकाची मंजुरी, असा क्रम. मशिन प्रॉडक्शनचं, सीएमएम क्वालिटीचं, मोल्डवाले टूलरूमचे. प्रोजेक्ट मॅनेजरचं स्वतःचं असं काहीच नाही. अगदी वीक मॅट्रिक्स. नव्यानेच नेमलेल्या त्या हुशार मुलाने प्लॅनमध्ये लिहिलं, 'क्वालिटी इन्स्पेक्टर 50 टक्के'. क्वालिटी हेडनी मान डोलावली.

आता हिशेब बघा. पाच पार्ट, प्रत्येकाला साधारण दोन तास आणि रिपोर्टला दोन, म्हणजे बारा तासांचं काम. 50 टक्के म्हणजे रोजचे चार तास, म्हणजे तीन दिवस. प्लॅनमध्ये तीन दिवसच होते आणि कागदावर सगळं जुळत होतं. पण पन्नास टक्के कुठल्या दिवशीचे, हे कोणीच ठरवलं नव्हतं. ट्रायलच्या आधीचा पंधरवडा त्या इन्स्पेक्टरला या प्रोजेक्टचं काहीच काम नव्हतं, आणि ट्रायल झाली त्याच दिवशी चालू पार्टची कस्टमर कंप्लेंट आली. सीएमएम तिकडे गेलं. क्वालिटी हेडचं यात काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांचं अप्रेझल चालू मालाच्या रिजेक्शनवर होतं, नव्या पार्टच्या तारखेवर नव्हतं.

पार्ट रॅकवर पडून राहिले. मग त्या मुलाने शॉर्टकट घेतला. हेडना न विचारता तो थेट इन्स्पेक्टरकडे गेला, दोस्तीत गळ घातली, आणि त्या बिचाऱ्याने शिफ्टनंतर थांबून तीन पार्ट मोजून दिले. दुसऱ्या दिवशी हेडना कळलं. ओव्हरटाइम मंजूर नव्हता, कंप्लेंटचं काम अर्धवट होतं, आणि त्यांचा माणूस परस्पर वापरला गेला होता. इन्स्पेक्टरची बदली दुसऱ्या शिफ्टला झाली, उरलेले दोन पार्ट तसेच राहिले, आणि अर्ध्या रिपोर्टवर टूलरूमने मोल्डला हात लावायला नकार दिला. त्यांचं बरोबरच होतं. मोल्डमधलं स्टील काढता येतं. चुकून जास्त निघालं तर वेल्डिंग करावं लागतं. पीपीएपीची तारीख हुकली. ज्याने मदत केली त्याचं अप्रेझलही बिघडलं, आणि ते सुधारायची ताकद प्रोजेक्ट मॅनेजरच्या हातात नव्हती. थेट माणूस पकडणाऱ्यांचा मला राग येतो तो याचसाठी. किंमत मोजतो तो दुसराच.

टक्के मी मागतच नाही. हेडकडे जाऊन सांगतो, "सोमवारी ट्रायल आहे. मंगळवारी आणि बुधवारी सीएमएमचे सहा-सहा तास हवेत. कंप्लेंट आली तर काय करायचं?" हा शेवटचा प्रश्न फार कामाचा असतो. उत्तर 'रात्रपाळीत करू' असेल तर ओव्हरटाइमची सही तेव्हाच मागून घेतो. उत्तर 'जमणार नाही' असेल तर बाहेरच्या लॅबमध्ये मोजून घ्यायला प्रोजेक्टच्या नावावर थोडं बजेट मागतो, आणि ते ट्रायलच्या आधी मागतो. वीक मॅट्रिक्समध्ये माणसांवर अधिकार मिळत नाही, पण छोट्या खर्चाची मर्यादा बऱ्याचदा मिळते, आणि तेवढ्याने पर्याय हातात राहतो. ट्रायल पुढे गेली तर त्याच तासाला हेडना फोन करायचा. त्यांनी अडवून ठेवलेलं मशिन रिकामं राहिलं, तर पुढच्या वेळी तुमच्या तारखेवर ते विश्वास ठेवणार नाहीत.

निव्वळ फंक्शनल कंपनी असेल तर तासही मागू नका. 'बुधवारी संध्याकाळी पाच पार्टचा रिपोर्ट' एवढंच मागा. कोण मोजणार ते हेड ठरवतील.

प्रत्येक अडचण थेट स्पॉन्सरकडे, म्हणजे प्रोजेक्टच्या पाठीशी असलेल्या वरिष्ठांकडे, नेणं ही अधीर माणसांची सवय. स्पॉन्सर एकदा-दोनदा तुमच्या बाजूने निकाल देतील. त्यानंतर प्रत्येक हेड तुमच्याशी लेखीच बोलेल.

मॅट्रिक्समध्ये टीममधल्या माणसाला दोन साहेब असतात हे विसरू नका. दोघांच्या तारखा भिडल्या तर तोडगा दोन साहेबांनी बसून काढायचा, त्याच्यावर ढकलायचा नाही.

आता प्रोजेक्टाइज्डकडे. रस्ता, धरण किंवा मोठा प्लांट उभारणाऱ्या साइटवर स्टोअर, अकाउंट्स, इंजिनिअर सगळे प्रोजेक्ट मॅनेजरच्या हाताखाली असतात. मॅट्रिक्समध्ये पिचलेल्यांना हा स्वर्ग वाटतो. पण तिथे रिकाम्या बसलेल्या माणसाचा पगारही तुमच्याच प्रोजेक्टवर पडतो. वरच्या कारखान्यातला इन्स्पेक्टर पूर्णवेळ तुमचा असता, तर ट्रायलआधीचा पंधरवडा तुमच्या खर्चात गेला असता. त्याहून मोठी चूक शेवटी होते. या माणसांना परत जायला मूळ विभागच नसतो. काम संपत आलं की चांगले इंजिनिअर आधी नोकरी शोधतात, आणि टेस्टिंग-कमिशनिंगच्या वेळी, जेव्हा ड्रॉइंगमधले बारीक बदल माहीत असलेला माणूस लागतो, तेव्हा तो गेलेला असतो. कमिशनिंगला सहा महिने असतानाच मी प्रत्येकाची सुटण्याची तारीख लिहून काढतो, हेड ऑफिसला पुढची साइट विचारतो, आणि उत्तर येईल ते, नकार असला तरी, त्या माणसाला समोर बसवून सांगतो. ज्याला शेवटपर्यंत थांबवायचं आहे त्याचा थांबण्याचा बोनस त्याच वेळी लेखी मंजूर करून घेतो, कारण त्याने राजीनामा दिल्यावर ती फाइल फिरवून उपयोग नसतो.