जाहिरातीतले फोटो गेल्यावर घराचं टिपण करण्याची तयारी

जाहिरात तशीच असते, किंमत तीच असते, एजंटचा नंबरही असतो, फक्त फोटो काढून टाकलेले असतात. मुंबईत रीसेलची घरं बघणाऱ्यांना हे नवीन नाही. मालक दुसऱ्या एजंटकडे गेला, आत राहणाऱ्या भाडेकरूने हरकत घेतली, किंवा टोकन दिलेला व्यवहार फिसकटून जाहिरात नव्याने चढवली, यातलं काहीही झालेलं असू शकतं. पण घर बघायला जायचं की नाही, दोन घरांतलं कुठलं पुढे न्यायचं, हे ठरवायला आता आठवणीशिवाय हाताशी काही नाही. ती आठवण नीट कागदावर आणायची असेल तर काय काय करावं, ते क्रमाने सांगते. उदाहरण माझ्या धाकट्या भावाचं घेते. तो आणि माझी भावजय मुलुंड पूर्वेला चौथ्या मजल्यावरचा एक जुना वन बीएचके बघत होते. “ताई, कालपर्यंत अकरा फोटो होते, आज एकही नाही,” असा त्याचा फोन आला.

पहिलं काम म्हणजे एकमेकांशी बोलणं थांबवायचं. ज्यांनी ज्यांनी फोटो बघितले त्यांनी वेगवेगळं बसून लिहायचं, आणि त्याच दिवशी लिहायचं. चर्चा सुरू झाली की जो ठामपणे बोलतो त्याचीच आठवण सगळ्यांची होते. आमच्याकडे भावाने ‘किचनचा ओटा काळा’ लिहिलं, भावजयीने ‘हिरवट, कडेला स्टीलची पट्टी’ लिहिलं, आणि आईने ओट्याबद्दल अक्षरही न लिहिता ‘सिंकखाली दरवाजे नव्हते, बादली ठेवलेली दिसली’ एवढंच लिहिलं. तिन्ही कागद एकत्र करताना दोन्ही रंग तसेच ठेवले, नावांसकट. कुणाचं बरोबर यावर वाद घातला नाही. आईची बादली मात्र वर घेतली, कारण सिंकखाली बादली असेल तर पाइप गळत असू शकतो, आणि तो प्रश्न ओट्याच्या रंगापेक्षा महत्त्वाचा आहे.

दुसरं, शिल्लक राहिलेले तुकडे गोळा करा. कुणी तरी एखादा स्क्रीनशॉट घेतलेला असतो, फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली असेल तर तिच्यासोबतचं छोटं चित्र कधी कधी तसंच राहतं. एजंटकडे मूळ फोटो मागायला हरकत नाही, पण आलेले फोटो त्याच घराचे आहेत का ते आधी तपासा. त्याच बिल्डिंगमधल्या दुसऱ्या फ्लॅटचे फोटो सर्रास पाठवले जातात. खिडकीची ग्रिल, फरशी आणि खिडकीबाहेरचं दृश्य, या तीन गोष्टी तुमच्या टिपणाशी जुळल्या तरच ते फोटो धरायचे.

आता प्रत्यक्ष लिहिणं. खोलीवार न लिहिता फोटोवार लिहा: फोटो काढणारा कुठे उभा होता, तोंड कुठे होतं, कडेला काय कापलं गेलं होतं. अकरा फोटो म्हणजे अकरा जागा नव्हेत. आमच्या यादीत अकरापैकी पाच फोटो हॉलचेच निघाले, वेगवेगळ्या कोपऱ्यांतून काढलेले. आणि मालकाचं सामान वगळा. सोफा, पडदे, शोकेस सगळं त्यांच्याबरोबर जाणार आहे. फरशी, ओटा, खिडक्या, दरवाजे, बीम, प्लंबिंग, म्हणजे जे तिथेच राहणार तेवढंच लिहा.

मापाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक टिपणं इथेच फसतात. ‘हॉल प्रशस्त वाटला’ हे वाक्य कागदावर येऊ देऊ नका. हल्ली फोनच्या वाइड लेन्सने फोटो काढतात. त्यात जवळची फरशी लांबट होते, कडेचा दरवाजा रुंद दिसतो, समोरची भिंत लांब जाते, आणि दहा फुटांची खोली चौदा फुटांची वाटते. लेन्स आकार ताणू शकते, पण फरश्यांची संख्या बदलू शकत नाही. म्हणून भिंतीलगत किती फरश्या होत्या तेवढं आठवा, किंवा असलेल्या एकाच स्क्रीनशॉटवर मोजा. फरशी किती मोठी हे दरवाज्यावरून कळतं. बेडरूमचा दरवाजा साधारण पावणेतीन ते तीन फुटांचा असतो. त्याच्या उंबऱ्याशी जेमतेम दीड फरशी बसत असेल तर फरशी दोन फुटी. एकाच फरशीत जवळजवळ सगळी रुंदी संपत असेल तर ती ८०० मिलीमीटरची, म्हणजे बत्तीस इंची असण्याची शक्यता जास्त.

भावजयीकडे हॉलचा आणि बेडरूमचा एकेक स्क्रीनशॉट निघाला. फरशी दोन फुटी ठरली. हॉल साडेसात फरश्या लांब आणि पाच रुंद, म्हणजे पंधरा बाय दहा, १५० चौरस फूट. बेडरूम साडेपाच बाय पाच, म्हणजे ११० चौरस फूट. किचन तिघांच्या आठवणीने चार बाय साडेतीन फरश्या, ५६ चौरस फूट. बाथरूम, टॉयलेट आणि पॅसेजसाठी ढोबळ ६० धरले, आतल्या भिंतींचे २० धरले. बेरीज ३९६. जाहिरातीत कार्पेट ४५० लिहिलेलं होतं.

त्याच स्क्रीनशॉटमध्ये आणखी एक गोष्ट होती. हॉलच्या खिडकीकडच्या शेवटच्या दीड फरश्या किंचित वेगळ्या छटेच्या होत्या आणि बरोबर त्यांच्या सुरुवातीला वर आडवा बीम दिसत होता. म्हणजे तिथे पूर्वी बाहेरची भिंत असावी आणि पुढची तीन फूट बाल्कनी आत घेतलेली असावी. रेरा कायद्याच्या व्याख्येत कार्पेट एरिया मोजताना बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत, आतल्या भिंती मात्र धरतात. तीन गुणिले दहा असे ३० वजा केले की उरतात सुमारे ३६६. हा आकडा कुणाला खोटं पाडायला नाही. आठवणीच्या मोजणीत पंधरा-वीस फुटांची चूक सहज होते. पण ८४ फुटांची तफावत तेवढ्याने भरून निघत नाही. म्हणून टिपणात लिहिलं: ‘४५० हा आकडा कुठून आला? करारनाम्यात कार्पेट लिहिलंय की बिल्टअप? मंजूर नकाशात तिथे बाल्कनी आहे का, आणि ती बंद करायची परवानगी घेतली होती का?’

ओलीबद्दल लिहिताना हात आखडता ठेवा. फोटोत गळती दिसत नाही, डाग दिसतो. म्हणून ‘बाथरूमची गळती आहे’ असं न लिहिता ‘बेडरूमच्या छताला, बाथरूमकडच्या कोपऱ्यात, ताटाएवढा पिवळट डाग, कडा गडद’ असं लिहा. छताला कडा गडद असलेलं वर्तुळ असेल तर वरच्या मजल्याचं बाथरूम नेमकं त्यावर आहे का, हे तिथे गेल्यावर विचारायचं. भिंतीच्या खालच्या बाजूला रंगाचे फुगे आणि पांढरी पावडर असेल तर पाणी भिंतीतून येत असावं. पश्चिमेकडची आणि नैर्ऋत्येकडची बाहेरची भिंत असेल तर मुंबईचा पाऊस त्याच बाजूने झोडपतो, तेव्हा खिडकीवर छज्जा होता का तेही आठवा. एकाच भिंतीला ताजा रंग, किंवा अख्खं घर साधं असताना एकाच कोपऱ्यात फॉल्स सीलिंग, हेही टिपा. त्यावर निष्कर्ष काढायची घाई नको. फोटो कोणत्या ऋतूतले वाटले तेही लिहा. एप्रिल-मेमधल्या कोरड्या भिंतीवरून जुलैचं काही सांगता येत नाही.

खिडकीबाहेर काय होतं ते बरेच जण लिहीतच नाहीत. समोर झाड, आकाश, की हाताच्या अंतरावर दुसऱ्या विंगची ग्रिल? दिवसाउजेडी ट्यूबलाइट लावून फोटो काढले होते का? आमच्या अकरा फोटोंत बेडरूमचा पडदा एकदाही उघडा नव्हता, हे तिघांनीही स्वतंत्रपणे लिहिलं होतं. हॉलमधून मात्र मोकळं आकाश दिसत होतं, पण खाली जुन्या चार मजली इमारतीची गच्ची होती. अशा इमारती आज ना उद्या रीडेव्हलपमेंटला जातात आणि तिथे टॉवर उभा राहतो. तेव्हा ‘मोकळं’ या शब्दापुढे ‘सध्या’ लिहिणं आवश्यक आहे.

यानंतर कागदाचे तीन भाग करा: पाहिलेलं, अंदाजाने काढलेलं, आणि न दिसलेलं. तिसरा भाग सगळ्यात लांब होतो आणि सगळ्यात उपयोगी पडतो. आमच्या तिसऱ्या भागात टॉयलेटचं छत, लिफ्ट, जिना, पार्किंग, इमारतीची बाहेरची बाजू आणि गच्ची इतकं आलं. न दिसलेलं म्हणजे लपवलेलं असं समजू नका. प्रत्येक ओळीपुढे फक्त एक प्रश्न लिहा. इमारतीची बाहेरची बाजू फोटोत नसेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना इमारतीचं वय विचारा, आणि ३० वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब प्रमाणे एवढ्या जुन्या इमारतींना ते करावं लागतं.

दुसरं घरही स्पर्धेत असेल तर एक काळजी घ्या. भावाला भांडुपचा एक फ्लॅटही आवडला होता आणि त्याचे फोटो अजून जाहिरातीत होते. एका घराचे रंगीत फोटो आणि दुसऱ्याचा नुसता कागद समोर ठेवला तर फोटोवालं घर उगाचच बरं वाटतं. म्हणून भांडुपच्या घराचंही तसंच टिपण केलं: फरश्या, छत, खिडकी, न दिसलेल्या गोष्टी. मग दोन्ही कागद शेजारी ठेवले. भांडुपच्या हॉलमध्येही फरश्या मोजल्यावर लांबी पंधराऐवजी तेरा फूट निघाली.

टिपणावरून टोकन देऊ नका, ठरवायचं ते एवढंच की बघायला जायचं का आणि गेल्यावर काय बघायचं. जाताना मेजर टेप, टॉर्च आणि तो कागद न्या. तिथे दिसेल ते वेगळ्या रंगाच्या पेनने, त्याच ओळीपुढे लिहा आणि आधीचं खोडू नका. मुलुंडच्या घरात सिंकखाली आता दरवाजे लावलेले होते. ते उघडल्यावर बादली तिथेच होती, अर्धी भरलेली.