फटाक्यांच्या फोटोतला काळा रंग घालवायचा कसा: स्क्रीन मोड आणि ‘काळं’ न निघणारं आकाश

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पुण्यात सहकारनगरातल्या आमच्या गच्चीवरून दोन फोटो हमखास निघतात. पहिला संध्याकाळचा. दिवस नुकताच मावळलेला असतो, आकाश गडद निळं असतं आणि त्यावर पर्वतीच्या देवळाची काळी आकृती उठून दिसते. दुसरा रात्री साडेआठ-नऊचा. तेव्हा शॉट फुटायला लागतात, पण पर्वती अंधारात आणि धुरात पार हरवलेली असते. पर्वती आणि फटाके एकाच फोटोत हवे असतील तर रात्रीच्या फोटोतला फक्त उजेड उचलून संध्याकाळच्या फोटोवर ठेवायचा. ठिणग्या एकेक करून कापत बसायचं कारण नाही, एका फोटोचा उजेड दुसऱ्यात मिसळणाऱ्या स्क्रीन मोडने ते होतं. पण नुसता मोड बदलून थांबलात तर आकाशात एक मळकट चौकोन दिसतो. तो का दिसतो आणि कसा काढायचा, हेच या कामातलं खरं कसब आहे.

फोटोंवर काम करायला मी जिंप हे सॉफ्टवेअर वापरते. ते मोफत मिळतं आणि यासाठी लागणारं सगळं त्यात आहे. फोटोशॉपमध्येही मोडचं नाव `Screen` असंच आहे आणि काम त्याच तत्त्वावर होतं.

दोन फोटो एकावर एक

आधी संध्याकाळचा फोटो उघडा. मग `File > Open as Layers` मधून फटाक्यांचा फोटो घ्या, तो आपोआप वरच्या लेयरवर बसतो. लेयरच्या यादीच्या वर `Mode` दिसतो, तिथे `Normal` ऐवजी `Screen` निवडा. काळं आकाश बहुतेक नाहीसं होतं आणि खालची पर्वती दिसू लागते. आता Shift+S ने लेयर लहान-मोठा करा आणि M दाबून हवा तिथे सरकवा.

हे घडतं कसं, ते एकदा समजून घेतलं की पुढच्या सगळ्या अडचणी आपल्या आपण उलगडतात. प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा आणि निळा उजेड ० ते २५५ मध्ये मोजतात. स्क्रीन मोड या प्रत्येक रंगासाठी एवढंच गणित करतो, त्यात a हा वरच्या लेयरचा आकडा आणि b खालच्याचा:

```
255 - (255 - a) * (255 - b) / 255
```

वरच्या लेयरचा आकडा ० असेल तर खालचा आकडा जसाच्या तसा उरतो. म्हणजे काळं काहीच करत नाही. ० पेक्षा जे काही जास्त असेल ते मात्र खालच्यात मिसळतं, मग ती ठिणगी असो, धूर असो की समोरच्या बाल्कनीतला आकाशकंदील. मोडला फटाका ओळखता येत नाही, त्याला फक्त उजेड कळतो.

तो मळकट चौकोन

पुण्यासारख्या शहराचं रात्रीचं आकाश डोळ्यांना काळं दिसतं, पण कॅमेऱ्याला नाही. रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड धुरावर आणि धुळीवर पडून परत येतो. माझ्या एका फोटोत ठिणग्यांपासून दूर, अगदी कोपऱ्यात मोजलं तर लाल २२, हिरवा १६, निळा ११ भरला. डोळ्यांना ते काळंच वाटत होतं. संध्याकाळच्या फोटोतलं आकाश होतं ४०, ६०, ११०. स्क्रीन केल्यावर तेच आकाश साधारण ५९, ७२, ११६ झालं. निळा जेमतेम वाढला, लाल मात्र जवळजवळ दीडपट झाला. स्वच्छ निळ्या आकाशावर तपकिरी झाक असलेला एक चौकोन उमटला, आणि जिथे फटाक्यांचा फोटो संपत होता तिथे त्याची कड सरळ रेषेत दिसत होती.

पुष्कळजण अशा वेळी लेयरची `Opacity` कमी करतात. त्याने चौकोन फिका होतो खरा, पण ठिणग्याही तेवढ्याच फिक्या पडतात. योग्य उपाय म्हणजे त्या खोट्या काळ्याला आधी खरा काळा करणं.

त्यासाठी फटाक्यांचा लेयर निवडा आणि रंग मोजायचं ड्रॉपर घ्या. त्याच्या पर्यायांत `Sample merged` बंद ठेवा, नाहीतर खालचा फोटोही मोजला जाईल. रिकाम्या आकाशात चार-पाच ठिकाणी मोजा. एका ठिपक्यावर विसंबू नका, कारण रात्रीच्या फोटोत बारीक दाणे असतात. सरासरी २० च्या आसपास असली तरी एखादा दाणा २७-२८ पर्यंत जातो. माझ्या फोटोत सगळ्यात मोठा आकडा २८ होता, म्हणून मी ३० धरला. सरासरीवरच थांबलं तर चौकोन जातो, पण त्या जागी लाल-निळ्या दाण्यांची रांगोळी उरते.

आता `Colors > Levels` उघडा. `Input Levels` च्या पट्टीखाली डावीकडे काळा त्रिकोण असतो, तो ३० वर आणा. ३० आणि त्याखालचं सगळं ० होतं. याची किंमत ठिणग्यांच्या शेपट्या मोजतात. शॉट फुटल्यावर ठिणगी विझत विझत खाली येते, ती रेघ शेवटी ६० वगैरे असते. काळा त्रिकोण ३० वर नेल्यावर ती ३४ वर येते आणि फटाका कात्रीने कापल्यासारखा दिसतो. म्हणून मधला त्रिकोण थोडा डावीकडे सरकवून आकडा १.२ करा. ३४ चे साधारण ४८ होतात आणि शून्य मात्र शून्यच राहतं. एवढ्यावर शेपटी पुन्हा हळुवार विरते.

चौकोन खरोखर गेला की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नका. मंद पडद्यावर तो दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मोबाइलवर ठळक दिसतो. ड्रॉपरमध्ये `Sample merged` चालू करा, आकाशाचा एक ठिपका मोजा, फटाक्यांच्या लेयरचा डोळा बंद करा आणि तोच ठिपका पुन्हा मोजा. दोन्ही वेळा आकडे तेच आले तर काळं गेलं.

लेव्हल्सने न जाणारं

फटाक्याने उजळलेला धूर ७०-८० पर्यंत जातो. काळा त्रिकोण तिथपर्यंत नेला तर अर्ध्या ठिणग्या जातील. म्हणून लेयरवर उजवं बटण दाबून `Add Layer Mask` घ्या, पांढरा मास्क निवडा आणि मऊ कडेच्या ब्रशने धुरावर काळा रंग फिरवा; मास्कवर जिथे काळं लागतं तिथला लेयर झाकला जातो. सगळा धूर पुसू नका. ठिणग्यांच्या मधोमध थोडा राहू दिला तर फटाका खरा वाटतो.

आकाशकंदील आणि खिडक्याही मास्कनेच जातात. मागे एकदा मी फोटोचा खालचा भाग तपासलाच नव्हता, तेव्हा समोरच्यांचा चांदणीचा कंदील पर्वतीच्या पायऱ्यांवर तरंगत राहिला. तेव्हापासून मी खालची पट्टी सगळ्यात आधी झाकते.

मास्कचं तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्क्रीनमध्ये उजेड नेहमी सगळ्यांच्या पुढे येतो. शॉट देवळाच्या मागे फुटल्यासारखा दाखवायचा असेल तर शिखराच्या काळ्या आकृतीवरून आरपार ठिणग्या दिसतात आणि फोटो तिथेच खोटा पडतो. फोटो मोठा करून शिखराच्या कडेने मास्क नीट रंगवा. इथे ब्रश जरा टणक कडेचा घ्या.

लाल फटाका गुलाबी का होतो

स्क्रीन उजेडात उजेड मिसळतो, त्यामुळे खालचा रंग ठिणगीत उतरतो. २२०, ४०, २० ही चांगली लाल ठिणगी ४०, ६०, ११० च्या निळ्या आकाशावर ठेवली की २२५, ९१, १२१ होते, म्हणजे चक्क गुलाबी. तेच आकाश आधी १५, २२, ४५ पर्यंत गडद केलं तर तीच ठिणगी २२२, ५९, ६१ वर येते आणि लाल राहते. म्हणून रंग धुतल्यासारखे वाटले तर फटाक्यांच्या लेयरशी खेळत बसू नका, खालचं आकाश गडद करा. दिवसाच्या उजळ आकाशावर तर हा उपाय चालतच नाही. तिथे मुळात २०० उजेड असतो. २०० ची ठिणगी त्यावर ठेवली तर सगळं मिळून २४३ होतं, आणि एवढ्याशा फरकात फटाका दिसत नाही.

फोटो काढतानाच अर्धं काम

ठिणगी धावती असते. ती प्रत्येक ठिपक्यावर क्षणभरच थांबते, त्यामुळे तिच्या रेघेची चमक अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर ठरते. शटर कितीही वेळ उघडं ठेवलं तरी ती वाढत नाही. आकाश मात्र एका जागी असतं, तिथला उजेड सेकंदागणिक साठत जातो. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ११ ठेवून १२ सेकंदांचा एक फोटो काढण्यापेक्षा ३ सेकंदांचे चार काढा. ठिणग्या तेवढ्याच उजळ येतात आणि काळं जास्त काळं मिळतं. पहिल्या काही शॉटचे फोटो चुकवू नका, त्यानंतर धूर साठतो. मोबाइलचा नाइट मोड बंद ठेवा, कारण तो अंधार मुद्दाम उजळवतो आणि आपल्याला नेमकं त्याच्या उलट हवं असतं.

कात्रजच्या घाटात वळणावर गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा टिपतानाही हाच हिशोब लागतो. फक्त तिथे एकाच जागेवरून काढलेले अनेक फोटो एकमेकांवर रचायचे असतात. आकाश प्रत्येकी २० असलेले चार फोटो स्क्रीनने रचले तर आकाश ७१ होतं आणि खांबावरचे दिवे फुगतात. अशा रचनेला `Screen` ऐवजी `Lighten only` घ्या. तो प्रत्येक ठिपक्याला फक्त सगळ्यात उजळ आकडा ठेवतो, बेरीज करत नाही.

एका गोष्टीवर बरेचजण अडतात. स्क्रीन मोडने काळं दिसेनासं होतं, लेयरमधून जात नाही. तोच लेयर एकटा पीएनजी म्हणून जतन केला तर काळं जसंच्या तसं परत येतं. शुभेच्छापत्रावर कुठेही चिकटवता येईल असा नुसता फटाका हवा असेल, तर लेव्हल्सने काळं साफ केल्यावर लेयरचा मोड पुन्हा `Normal` करा, `Colors > Color to Alpha` उघडा आणि रंग काळा निवडा. मग खालच्या लेयरचा डोळा बंद करून पीएनजी काढा, जेपेग नको, कारण त्यात पारदर्शकता टिकत नाही. गडद पत्रिकेवर असा फटाका छान बसतो. पांढऱ्या कागदावर मात्र विझत्या शेपट्या फिक्या पडतात आणि मधला पांढरा गाभा दिसतच नाही, म्हणून पत्रिकेची पार्श्वभूमी गडद निवडा.