ग्लुकोमीटर आणि लॅबचा आकडा जुळत नाही? तुलना अशी करून पाहा

सकाळी साडेसहाला घरच्या मीटरवर काकूंची शुगर १४८. आठ वाजता लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला, त्यात १२६. मग घरात दोन तट पडतात. काकूंना लॅबचा आकडा आवडतो, कारण तो कमी आहे. त्यांचा मुलगा म्हणतो, मीटर बिघडलंय, नवीन घेऊ. खरं तर एवढ्या माहितीवर दोघांनाही काही ठरवता येणार नाही, कारण ही तुलनाच धड झालेली नाही.

आधी किती फरक चालतो ते पाहू. घरगुती मीटरसाठी आयएसओ १५१९७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याची २०१३ची आवृत्ती सर्रास वापरली जाते. लॅबचा आकडा १०० किंवा त्याहून जास्त असेल, तर मीटरचा आकडा त्याच्या १५ टक्के वर किंवा खाली असला तरी चालतो. लॅबचा आकडा १००च्या खाली असेल, तर टक्केवारी सोडायची आणि सरळ १५ मिलिग्रॅम धरायचे. म्हणजे लॅबमध्ये २०० आले तर मीटरवर १७० ते २३० यातलं काहीही मान्य, आणि लॅबमध्ये ८० आले तर ६५ ते ९५. शिवाय हा नियम शंभरपैकी ९५ वेळा पाळला गेला की मीटर पास होतं. एखाददुसरा आकडा बाहेर गेला म्हणून मीटर खराब ठरत नाही.

आता काकूंचा हिशेब. फरक २२. तो लॅबच्या आकड्याने भागायचा, मीटरच्या नाही: २२ भागिले १२६, म्हणजे साधारण साडेसतरा टक्के. मर्यादेच्या बाहेर. पण या २२मध्ये मीटरचा दोष किती?

पहिली गोष्ट वेळेची. दोन रक्तं दीड तासाच्या अंतराने घेतली. पहाटेच्या सुमारास यकृत साखर रक्तात सोडत असतं. त्यामुळे काही न खाताही दीड तासात आकडा बराच हलू शकतो, वर किंवा खाली.

दुसरी गोष्ट नळीची, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. रक्त नळीत गेलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. नेहमीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर अशी कमी होते. म्हणून शुगरसाठी राखाडी झाकणाची नळी वापरतात. तिच्यात फ्लोराइड असतं आणि ते ही खादाडी थांबवतं, पण लगेच नाही. पहिला तास-दोन तास थोडी घट होतच राहते. लॅबच्या मुलाने काकूंच्या घरून निघून आणखी पाच घरं केली आणि नळी बॅगेत तीन तास राहिली, तर रिपोर्टमधला आकडा मुळातच थोडा कमी येणार. नळी राखाडी झाकणाची नसेल तर चांगलाच कमी. लॅबचं यंत्र अचूकच असतं, पण त्याच्यापर्यंत पोचलेलं रक्त मघाचं राहिलेलं नसतं.

तिसरी गोष्ट रक्ताच्या जागेची. मीटर बोटाच्या केशवाहिन्यांतलं रक्त पाहतं, लॅब दंडातल्या शिरेचं. उपाशीपोटी दोन्हींत नगण्य फरक असतो. जेवणानंतर मात्र बोटाकडे साखर भरून आलेली असते आणि शिरेतल्या रक्तातली काही साखर वाटेत स्नायूंनी उचललेली असते. त्यामुळे जेवणानंतर मीटर लॅबपेक्षा २० टक्क्यांनी जास्त दाखवत असेल, तरी त्यात दोष नसू शकतो. मीटर तपासायचं तर जेवणानंतरची शुगर त्या कामाची नाही.

तर मग तपासणी अशी करा

उपाशीपोटी, सकाळी, मीटर आणि स्ट्रिप्सची डबी घेऊन स्वतः लॅबमध्ये जा. दुधाचा चहाही नको. आधी डबीवरची मुदत पाहा. उघडल्यावर किती दिवसांत वापरायच्या तेही तिथेच किंवा आतल्या कागदावर लिहिलेलं असतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात झाकण उघडं राहिलेल्या डबीतल्या स्ट्रिप्सवर मी तरी भरवसा ठेवणार नाही, कारण दमट हवा त्यांच्यावरचं रसायन बिघडवते. फ्रिजमध्येही ठेवू नका, बाहेर काढल्यावर ओल धरते.

हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटावरची साखर थेंबात मिसळली तर आकडा भलताच वर जातो, आणि नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती नीट जात नाही. ओल्या बोटावर उलटं होतं, थेंब पातळ होतो. बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचा. थेंब आपसूक येऊ द्या, जोरात पिळू नका. स्ट्रिप एका दमात भरली पाहिजे. कमी पडला म्हणून वरून दुसरा थेंब लावायचा नाही, नवी स्ट्रिप घ्यायची.

दंडातून रक्त घेतल्यावर पाच मिनिटांच्या आत बोट टोचा. आकडा आणि वेळ कागदावर लिहा. नळी राखाडी झाकणाची आहे ना आणि तपासणी इथेच होणार की दुसरीकडे पाठवणार, एवढं विचारून घ्या. विचारण्यात गैर काही नाही.

समजा अशा रीतीने काकूंचं मीटर १३९ आणि लॅब १३१ आली. फरक ८, भागिले १३१, म्हणजे सहा टक्के. मीटर ठणठणीत आहे, मघाचे २२ बहुतेक वेळेतून आणि नळीतून आले होते. फरक १५ टक्क्यांच्या बाहेर गेला, तर पुढच्या तपासणीच्या वेळी पुन्हा पाहा. दोन-तीनदा एकाच दिशेने बाहेर जात असेल, तर नवी डबी उघडून पाहा, किंवा कंपनीचं कंट्रोल सोल्यूशन मिळत असेल तर त्याचा थेंब लावा. त्याचा आकडा डबीवर छापलेल्या दोन आकड्यांच्या मध्ये यायला हवा. तिथेही चुकलं तर मीटर किंवा स्ट्रिप्स बदला.

सगळं नीट करूनही मीटर सतत जास्तच दाखवत असेल, तर हिमोग्लोबिनचा रिपोर्ट काढून पाहा. रक्तात लाल पेशी कमी असल्या की बरीच मीटरं खऱ्यापेक्षा जास्त शुगर दाखवतात, आणि पेशी जास्त असल्या की कमी. अॅनिमिया असलेल्या बाईची शुगर घरी १५० आणि लॅबमध्ये १२५ येत असेल, तर मीटर बदलून उपयोग नाही. डॉक्टरांना ते सांगायला हवं, नाहीतर घरच्या वहीवरून औषध वाढायचं. डायलिसिसवर असलेल्यांनी आणि व्हिटॅमिन सीचे मोठे डोस घेणाऱ्यांनीही हे विचारून घ्यावं.

आणि खालच्या आकड्यांचं गणित वेगळं आहे. १५ मिलिग्रॅमचा फरक ३००च्या आसपास किरकोळ असतो, पण मीटरवर ७८ दिसत असताना खरी शुगर ६५ही असू शकते. घाम सुटलाय, हात थरथरतायत, तर मीटर ७८ म्हणतंय म्हणून थांबू नका. तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचा. मधुमेह आहे की नाही हे मात्र मीटरवर ठरवायचं नसतं, त्यासाठी लॅबचाच रिपोर्ट लागतो.