बाटलीच्या फोटोवरून धोक्याची चिन्हं कशी ओळखावीत

घरातल्या क्लीनरचा किंवा थिनरचा फोटो कुणी पाठवतं आणि विचारतं, "हे वापरलं तर चालेल का?" बहुतेक वेळा फोटो बाटलीच्या दर्शनी बाजूचा असतो. तिथे ब्रँडचं नाव आणि चकाकणारी फरशी दिसते, पण कामाचा मजकूर मागच्या बाजूला असतो. म्हणून आधी मागच्या लेबलचा फोटो मागवा. बाटली गोल असल्यामुळे एकाच फोटोत कडेची चिन्हं निसटतात, तेव्हा ती थोडी थोडी फिरवून दोन-तीन फोटो काढायला सांगा. फ्लॅश बंद ठेवून उजेड बाजूने घ्यायचा. नाहीतर चकाकीत नेमका चिन्हाचा भाग पांढरा पडतो.

आता फोटो मोठा करून टोकावर उभे असलेले चौकोन शोधा. लाल किनार, आत पांढरा रंग आणि काळं चित्र, ही जगभर चालणाऱ्या पद्धतीची खूण. अशी एकूण नऊ चिन्हं आहेत, पण घरगुती बाटल्यांवर त्यांतली थोडीच भेटतात. जुन्या बाटलीवर नारिंगी चौकोनात काळं चित्र असू शकतं. ती आधीची पद्धत. अशी बाटली बरीच वर्षं पडून असण्याची शक्यता असते, हेही लक्षात घ्या.

समजा, फोटो ब्लीचच्या बाटलीचा आहे आणि त्यावर दोन चिन्हं दिसतात.

पहिल्यात दोन नळ्यांतून थेंब पडताहेत, एक हातावर आणि एक धातूच्या पट्टीवर. दोन्ही झिजताना दाखवलेत. अर्थ असा की हे द्रव्य त्वचा भाजू शकतं, डोळ्यांना कायमची इजा करू शकतं किंवा धातू खाऊ शकतं. यांतलं नेमकं काय, ते चिन्ह सांगत नाही. त्यासाठी शेजारचं वाक्य किंवा त्याचा कोड वाचा. H318 म्हणजे डोळ्यांना गंभीर इजा, H314 म्हणजे त्वचाही भाजते, H290 म्हणजे धातू गंजतो. कोड छापलेला नसेल तर वाक्य तरी असतंच. आपल्या बाटलीवर H318 आहे, म्हणजे हातमोज्यांइतकाच, किंबहुना जास्तच, डोळ्यांवरचा बंद चष्मा महत्त्वाचा. डोळ्यात उडालंच तर लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असतील तर धुता धुता काढा, आणि मग डॉक्टरकडे जा. बाटलीचा फोटो सोबत न्या.

दुसऱ्या चिन्हात वाळलेलं झाड आणि मेलेला मासा आहे. हे पाण्यातल्या जिवांसाठी आहे: उरलेलं दाट द्रव्य उघड्या गटारात किंवा ओढ्यात ओतायचं नाही.

लोक सर्वात जास्त फसतात ते इथे. ब्लीचवर उद्गारचिन्ह नाही, म्हणून त्वचेची जळजळ होणार नाही, असा निष्कर्ष काढतात. उद्गारचिन्ह सौम्य इशाऱ्यासाठी असतं. झिजवणारं चिन्ह आधीच दिलं असेल, तर नियमानुसार त्वचेच्या किंवा डोळ्यांच्या जळजळीसाठी वेगळं उद्गारचिन्ह देत नाहीत. मोठ्या इशाऱ्यात लहान सामावला जातो. त्यामुळे जे चिन्ह नाही, त्यावरून काही ठरवू नका.

तसंच, काय मिसळू नये यासाठी या नऊ चिन्हांत वेगळं चिन्हच नाही. ब्लीच आणि ॲसिड असलेला टॉयलेट क्लीनर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. हा इशारा बहुतेक वेळा फक्त शब्दांत असतो आणि बारीक अक्षरांत असल्यामुळे फोटोत तोच आधी धूसर होतो. तो वाचता आला नाही तर दुसरा फोटो मागवा, अंदाज नको.

धूसर फोटोत ज्वाळांची दोन चिन्हंही सारखी वाटतात. नुसती ज्वाळा म्हणजे द्रव्य किंवा त्याची वाफ पेट घेते, म्हणून ठिणगी, गॅस, सिगारेट दूर. ज्वाळेखाली गोल असेल तर ते स्वतः जळो न जळो, दुसऱ्या वस्तूची आग भडकवतं. ते कापूस, लाकडाचा भुसा, थिनर यांच्यापासून लांब ठेवायचं.

छातीवर तारकेसारखा स्फोट असलेली मानवाकृती थिनर, टर्पेंटाइन, दिव्याचं तेल यांच्या बाटलीवर दिसते. त्यांच्या बाबतीत बहुधा H304 लिहिलेलं असतं: गिळलं आणि श्वासनलिकेत गेलं तर जीव जाऊ शकतो. अशा वेळी उलटी करवू नका, कारण वर येताना ते फुप्फुसात शिरतं. माणसाला लगेच दवाखान्यात न्या. ही बाटली पाण्याच्या बाटलीसारखी दिसत असेल, तर ती त्याच क्षणी लहान मुलांच्या हाताबाहेर, कुलपात गेली पाहिजे. कवटीचं चिन्ह असेल तर थोड्या प्रमाणातही विषबाधेचा धोका आहे, आणि तिथे तर हा नियम आणखीच काटेकोर.

शेवटी ठळक अक्षरांतला शब्द पाहा. 'डेंजर' हा 'वॉर्निंग'पेक्षा वरच्या पातळीचा इशारा आहे. एका बाटलीवर दोन्ही येत नाहीत, लागू असेल तो मोठाच छापतात.